कॅशबॅक की थेट सूट? खरा टक्का काढण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतल्या एका घरगुती उपकरणांच्या दुकानात मी बरीच वर्षं बिलिंगच्या काउंटरवर बसतोय. दसऱ्यापासून भाऊबिजेपर्यंत आणि पुन्हा गुढीपाडव्याच्या आठवड्यात गिऱ्हाइकं मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "काका, तिकडे बारा टक्के कॅशबॅक आहे, तुमच्याकडे दहा टक्केच सूट. मग तिकडचंच घेतलेलं बरं ना?" गर्दीत नीट उत्तर देता येत नाही, मागे रांग असते. म्हणून ते प्रश्न आणि त्यांची सावकाश उत्तरं इथे लिहून काढली आहेत. उदाहरण शक्यतो एकच ठेवलंय, फ्रिजचं, म्हणजे आकडे डोक्यात राहतील.

### दहा टक्के सूट आणि दहा टक्के कॅशबॅक एकच ना?

कॅशबॅक कुठे जमा होतो, त्यावर आहे. तो तुमच्या बँक खात्यात किंवा क्रेडिट कार्डाच्या बिलात वजा होऊन आला, तर जवळपास एकच. हजाराला शंभर तिथेही सुटतात, फक्त उशिरा.

पण दुकानाच्या वॉलेटमध्ये, ॲपमध्ये किंवा "पुढच्या खरेदीवर" अशा कुपनाच्या रूपात आला, तर एकच नाही. सुटीत तुम्ही ९०० रुपये देऊन १,००० चा माल आणता. कुपनात १,००० देऊन १,००० चा माल आणता आणि नंतर कधीतरी आणखी १०० चा. म्हणजे १,००० रुपयांत १,१०० चा माल. अकराशेवर शंभर वाचले, म्हणजे ९.०९ टक्के. हिशेब इथेच चुकतो. वाचलेले शंभर दोन्हीकडे सारखेच दिसतात, पण भागायचं कशाने ते बदललेलं असतं.

### मग कुपनाच्या कॅशबॅकचा खरा टक्का कसा काढायचा?

सूत्र अगदी छोटं आहे:

कॅशबॅकचा टक्का ÷ (१०० + कॅशबॅकचा टक्का) × १००

दहाचे ९.०९ होतात, वीसचे १६.६७, पंचवीसचे बरोबर २०, पन्नासचे ३३.३३. आणि शंभर टक्के कॅशबॅक म्हणजे पन्नास टक्के सूट. यात दचकण्यासारखं काही नाही. साबणाच्या वडीवर "एकावर एक फ्री" लिहिलेलं असतं, तेव्हा आपण अर्ध्या किमतीत मिळालं असंच म्हणतो ना? शंभर टक्के कॅशबॅक म्हणजे तेच, फक्त दुसरी वडी पुढच्या वेळी मिळते.

उलटही करता येतं. समोर १० टक्के सूट असेल, तर तिच्या तोडीचा कुपन-कॅशबॅक किमान ११.११ टक्के हवा. २० टक्के सुटीला २५ टक्के हवा. सूट वाढत जाते तशी ही दरी रुंदावते. म्हणून लहान टक्क्यांत हे गणित नाही केलं तरी फारसं बिघडत नाही, मोठ्या टक्क्यांत मात्र चांगलंच बिघडतं.

आणि हे सूत्र तुमच्या बाजूने सगळ्यात उदार आहे हे लक्षात ठेवा. कूपन पूर्ण वापरलं जाईल, वेळेत वापरलं जाईल आणि त्यातून लागणारीच वस्तू घेतली जाईल, असं ते गृहीत धरतं. खरा टक्का याच्या खाली येईल, वर जाणार नाही. एकच अपवाद आहे, तो किराण्याच्या प्रश्नात येईल.

### सूट नेमकी कशावर मोजायची?

छापील किमतीवर कधीच नाही. आमच्या धंद्यात एमआरपी आणि बाजारभाव यांत बरंच अंतर असतं. समजा एका फ्रिजची एमआरपी ३६,००० आहे आणि कुठल्याही दुकानात, कुठलीही ऑफर नसताना, तो ३०,००० ला मिळतो. एका दुकानावर पाटी आहे, "२५ टक्के सूट". छत्तीस हजारांवर पंचवीस टक्के म्हणजे ९,००० गेले, किंमत २७,०००. तुमच्यासाठी ही सूट तीस हजारांवर ३,००० ची, म्हणजे १० टक्क्यांची आहे.

पाटी खोटी नाही, पण तुलनेला निरुपयोगी आहे. तीन दुकानांतून त्याच मॉडेलचा ऑफरशिवायचा भाव विचारून घ्या आणि सगळे टक्के त्याच्यावर मोजा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एका अक्षराच्या फरकाने कधी स्टार रेटिंग बदलतं, कधी फक्त दरवाजाचा रंग.

### एखादं पूर्ण उदाहरण करून दाखवाल का?

हाच फ्रिज घेऊ. बाजारभाव ३०,०००. तीन ठिकाणी तीन ऑफर आहेत.

पहिलं दुकान सरळ २७,००० चं बिल करतं. वाचले ३,०००, खरा टक्का १०. यात विचार करण्यासारखं काही उरत नाही.

दुसऱ्या ठिकाणी ३०,००० च द्यायचे, पण एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर "१५ टक्के कॅशबॅक" आहे. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, कमाल २,५०० रुपये. पंधरा टक्क्यांनी साडेचार हजार झाले असते, पण मिळणार अडीच हजार. २,५०० भागिले ३०,०००, म्हणजे ८.३३ टक्के. पंधराचा आकडा मोठा दिसला तरी पहिल्या दुकानापुढे हा पाचशे रुपयांनी महाग आहे.

तिसरं दुकान १२ टक्क्यांचं कूपन देतं, म्हणजे ३,६०० रुपये, त्याच दुकानात वापरायचे. सूत्राने १०.७१ टक्के येतात. पहिल्यापेक्षा बरं दिसतंय. रुपयांत पाहू. समजा तुम्हाला मिक्सरही हवाच आहे आणि तो ३,६०० ला आहे. तिसऱ्या दुकानात ३०,००० देऊन फ्रिज आणि मिक्सर, मिळून ३३,६०० चा माल घरी येतो. पहिल्या दुकानाने मिक्सरवरही १० टक्के सूट दिली, तर तोच माल ३०,२४० ला पडतो. म्हणजे तिसरं दुकान २४० रुपयांनी पुढे.

फक्त २४० रुपये, तेही मिक्सर खरंच हवा असेल तर. मिक्सर घरात चांगला चालू असेल, तर तिसऱ्या दुकानात तुम्ही फ्रिजसाठी ३,००० जास्त दिले आणि बदल्यात न लागणारा मिक्सर आणला.

### पण कुपनावर ३,६०० लिहिलंय, म्हणजे त्याची किंमत ३,६०० च ना?

नाही. माझ्या मते या सगळ्या पानावरचा हाच सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. कुपनावरचा आकडा दुकानाने छापलेला असतो. त्याची तुमच्यापुरती किंमत म्हणजे त्या कुपनाने जी वस्तू आणाल, ती दुसरीकडे रोख पैशांत कितीला मिळाली असती तेवढी. तोच मिक्सर शेजारच्या गल्लीत ३,२४० ला मिळत असेल, तर ३,६०० चं कूपन ३,२४० चं आहे. तोच २,९०० ला मिळत असेल, तर कूपन २,९०० चं, आणि मग पहिल्या दुकानाची रोख ३,००० ची सूट त्याच्या पुढे गेली.

म्हणून सूत्र आठवलं नाही तरी चालेल. दोन्ही वस्तूंची यादी करा आणि दोन्ही रस्त्यांनी घरी आणायला खिशातून एकूण किती जातात ते मांडा. टक्के मागाहून काढता येतात. टक्क्यांनी सुरुवात केली की माणूस मोठ्या आकड्याकडे ओढला जातो, हे मी काउंटरवरून रोज बघतो.

### "पुढच्या बिलाच्या २० टक्क्यांपर्यंतच वापरता येईल" याचा अर्थ काय?

आता तिसऱ्या दुकानाच्या कुपनाची मागची बाजू वाचू. बहुतेक कुपनांवर अशी एखादी ओळ असतेच. ३,६०० हे २० टक्के होण्यासाठी पुढची खरेदी १८,००० ची हवी. त्यातले १४,४०० तुम्ही रोख देणार आणि ३,६०० कूपन.

फ्रिज ३०,०००, वर १४,४००, एकूण खिशातून गेले ४४,४००. माल आला ४८,००० चा. वाचले ३,६००, म्हणजे ७.५ टक्के. तोच ४८,००० चा माल सरसकट १० टक्के सुटीने ४३,२०० ला आला असता. मघाशी २४० रुपयांनी पुढे असलेलं दुकान एका ओळीमुळे १,२०० रुपयांनी मागे पडलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुढच्या १८,००० च्या मालावर, समजा वॉशिंग मशीनवर, दुसरीकडे कुठेच सूट नसेल आणि ती तुम्ही घेणारच असाल, तर चित्र उलटतं. मग पहिल्या रस्त्याने २७,००० आणि १८,००० मिळून ४५,००० लागतात, तिसऱ्या दुकानात ४४,४००. म्हणजे कूपन ६०० ने सरस. ऑफर चांगली की वाईट हे फ्रिजच्या किमतीवर नाही, दुसऱ्या वस्तूच्या बाजारभावावर ठरतं. आणि फ्रिज घेताना त्या दुसऱ्या वस्तूचा भाव काढणारं गिऱ्हाइक मी फार क्वचित पाहिलंय.

### "कमाल" मर्यादा असली तर कुठल्या किमतीपर्यंत ऑफर फायद्याची?

मर्यादेच्या रकमेला टक्क्याने भागा. कमाल २,५०० आणि १५ टक्के, तर २,५०० भागिले ०.१५, म्हणजे सुमारे १६,६६७ रुपये. त्या किमतीपर्यंत तुम्हाला पूर्ण पंधरा टक्के मिळतात. त्यापुढे रक्कम तिथेच थांबते आणि टक्का घसरत जातो. तीस हजारांवर ८.३३, पन्नास हजारांवर ५. या ऑफरने मायक्रोवेव्ह घ्यायला मजा आहे, मोठा टीव्ही घ्यायला नाही.

खालची मर्यादाही असते, "किमान खरेदी" अशी. दोन्ही मर्यादांच्या मधल्या पट्ट्यात तुमची वस्तू बसली, तरच पाटीवरचा टक्का खरा. बसत नसेल तर काही जण बिल दोन भागांत करून मागतात. एकच वस्तू असेल तर ते होत नाही, आणि दोन वस्तू असल्या तरी ऑफर बहुधा एका कार्डाला एकदाच लागू असते. ती अट आधी वाचा, मग मला दोन बिलं करायला सांगा.

घरात तीन-चार ऑफर ताडून बघायच्या असतील, तर एक्सेलमध्ये B2 मध्ये किंमत, B3 मध्ये कॅशबॅकचा टक्का आणि B4 मध्ये कमाल रक्कम टाका. खाली हे लिहा:

```
=MIN(B2*B3/100, B4)/B2*100
```

बँकेतून येणाऱ्या कॅशबॅकचा खरा टक्का यातून थेट मिळतो.

### बँकेचा कॅशबॅक ९० दिवसांनी येतो. तेवढ्या उशिराने किती तोटा होतो?

वाटतो त्यापेक्षा खूप कमी. २,५०० रुपये तुम्ही ठेवीत वर्षाला सात टक्क्यांनी ठेवले असते, तर ९० दिवसांत सुमारे ४३ रुपये मिळाले असते. तेवढाच तोटा. तीस हजारांच्या खरेदीत तो दिसतही नाही. उशिरासाठी भांडू नका, येणार की नाही यासाठी भांडा. ऑफर आधी ॲक्टिव्हेट करायची होती का, व्यवहार ईएमआयवरच हवा होता का, कार्ड दुकानाच्या मशीनवर स्वाइप करायचं होतं की ऑनलाइन? यातलं एक चुकलं की मिळतं शून्य. अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, कारण तीन महिन्यांनी ते पान तिथे नसतं.

खरी नुकसानी वेगळ्याच जागी आहे. तीस हजारांचं कार्डाचं बिल तुम्ही पूर्ण भरलं नाही आणि "मिनिमम ड्यू" भरून पुढे ढकललं, तर कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतं. तीस हजारांवर १,०५०, त्यावर १८ टक्के जीएसटी १८९, झाले १,२३९. दोन महिने असं चाललं की अडीच हजारांचा कॅशबॅक येण्याआधीच संपलेला असतो. आणि कॅशबॅक बिलात जमा झाला म्हणून त्या महिन्याचा किमान हप्ता भरला गेला, असं बऱ्याच बँका धरत नाहीत. तो वेगळा भरावाच लागतो. हातात रोख नसेल आणि बिल लांबणारच असेल, तर कार्डाच्या कुठल्याही ऑफरपेक्षा थेट सूट बरी, कारण तिच्यात मुळात उधारीच कमी होते.

### सूट आणि कॅशबॅक दोन्ही एकदम असेल, तर टक्के सरळ मिळवायचे का?

नाही, कारण कॅशबॅक सूट गेल्यानंतरच्या रकमेवर मोजतात. तीस हजारांवर १० टक्के सूट, उरले २७,०००. त्यावर १० टक्के बँकेचा कॅशबॅक २,७००. शेवटी पडले २४,३००, म्हणजे १९ टक्के. कॅशबॅक कुपनाचा असेल, तर २७,००० मध्ये ३२,७०० चा माल, म्हणजे १७.४ टक्के. वीस कुठेच येत नाहीत.

### किराण्याच्या ॲपवर दर महिन्याला कॅशबॅक मिळतो, तिथेही हेच गणित का?

तिथे गंमत आहे, आणि कूपन सगळ्यात चांगलं चालतं तेही तिथेच, कारण तांदूळ-डाळ पुढच्या महिन्यात लागणारच असते.

समजा महिन्याचा किराणा ५,००० चा आणि १० टक्के कॅशबॅक वॉलेटमध्ये. पहिल्या महिन्यात तुम्ही ५,००० दिले, ५०० जमा झाले. दुसऱ्या महिन्यात ४,५०० रोख आणि ५०० वॉलेटमधून. आता ॲप कॅशबॅक कशावर मोजतं ते बघा. फक्त रोख दिलेल्या रकमेवर मोजत असेल, तर ४५० मिळतील. तिसऱ्या महिन्यात रोख ४,५५०, कॅशबॅक ४५५. चौथ्यात ४,५४५ वर ४५४.५०. तो आकडा तिथेच स्थिरावतो. पाच हजारांवर ४५४.५० म्हणजे ९.०९ टक्के. आपलं सूत्र आपोआप उगवलं.

पण ॲप पूर्ण बिलावर कॅशबॅक देत असेल, म्हणजे वॉलेटमधून भरलेल्या भागावरही, तर दर महिन्याला ५०० येत राहतात आणि दुसऱ्या महिन्यापासून पूर्ण १० टक्के सुटतात. हाच तो मघाशी म्हटलेला अपवाद. तोटा फक्त ॲप सोडताना होतो, शेवटचे पाचशे तिथेच अडकतात. घरात चौकशी करा, तुमचं ॲप यातलं कुठलं आहे ते दोन महिन्यांच्या बिलांवरून कळतं. आणि महिन्याचे भाव मात्र गल्लीतल्या वाण्याशी ताडून बघा. तूरडाळ किलोमागे पंधरा रुपये महाग असेल, तर दहा टक्के तिथेच गेले.

### कुपनाची मुदत संपली तर?

तर टक्का शून्य. हे मी स्वतः करून बसलोय. एका दुकानातून बूट घेताना १,२०० चं कूपन मिळालं होतं. ते मोबाइलमध्ये मेसेज म्हणून आलं, मी बघितलं, "दिवाळीला वापरू" म्हणालो आणि ४५ दिवसांची मुदत दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संपली. इतरांना बारीक अक्षरं वाचायला सांगणारा माणूस मी.

त्यामुळे आता मी हिशेबात एक वजावट धरतो. आधीच्या दहा कुपनांपैकी किती खरंच वापरली ते प्रामाणिकपणे आठवा. सहा वापरली असतील, तर नव्या ३,६०० च्या कुपनाला २,१६० समजा. तिसऱ्या दुकानाचं कूपन तेव्हा पहिल्या दुकानाच्या ३,००० समोर टिकत नाही. ज्याच्याकडे लागणाऱ्या वस्तूची यादी तयार आहे आणि जो आठवड्यात परत येणार आहे, त्याने पूर्ण किंमत धरावी.

### रिवॉर्ड पॉइंट म्हणजेही कॅशबॅकच ना?

रुपयांत करून बघा. समजा कार्ड दर १५० रुपयांना २ पॉइंट देतं आणि पॉइंटची किंमत २५ पैसे आहे. १५० वर ५० पैसे, म्हणजे ०.३३ टक्के. "दसपट पॉइंट" झाले तरी ३.३३ टक्केच. पॉइंटने काय घेता येतं त्यावर ती २५ पैसे किंमत आणखी खाली जाते.

### नो-कॉस्ट ईएमआय घेतली तर सुटीचा टक्का बदलतो का?

थोडा घसरतो. नो-कॉस्टमध्ये व्याज असतंच, फक्त तेवढी रक्कम आधी किमतीतून वजा करून देतात. तीस हजार, सहा हप्ते, दरमहा ५,०००, बँकेचा दर १५ टक्के धरला, तर त्यातलं व्याज साधारण १,२७० होतं. ते दुकान किंवा कंपनी सोसते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २२९ रुपये, तुमच्याकडून जातो. प्रोसेसिंग फी १९९ असेल, तर जीएसटीसकट २३५. दोन्ही मिळून ४६४, म्हणजे दीड टक्का. ऑफरच्या खऱ्या टक्क्यातून हा वजा करा.

आणि काउंटरवर एक प्रश्न आवर्जून विचारा, "नो-कॉस्ट नको, एकरकमी देतो, मग किती?" ते सोसलेले १,२७० कधी कधी तुमच्या बिलातून सुटू शकतात.

### माझा व्यवसाय आहे, जीएसटी नंबर टाकून बिल घेतो. मला काय परवडेल?

हे उत्तर लोकांना उलटं वाटतं. आइस्क्रीम पार्लरसाठी हाच फ्रिज घेताय आणि इनपुट क्रेडिट मिळतं असं धरू. तीस हजारांच्या बिलात १८ टक्क्यांनी मूळ किंमत २५,४२४ आणि कर ४,५७६. कर तुम्हाला परत मिळतो, म्हणून तुमचा खर्च २५,४२४. दुकानाने बिलातच १० टक्के सूट दिली, की बिल २७,०००, मूळ किंमत २२,८८१. तुमचे वाचले २,५४३. तीन हजार नाहीत, कारण सुटीतला करही गेला आणि तेवढं क्रेडिटही.

उलट बँकेने कार्डावर ३,००० कॅशबॅक दिला, तर दुकानाचं बिल तीस हजारांचंच राहतं, क्रेडिट पूर्ण मिळतं आणि वर पूर्ण तीन हजार. सारख्याच टक्क्याला इथे कॅशबॅक जिंकतो. ती रक्कम वहीत कशी दाखवायची, हे तुमच्या सीएंशी बोलून घ्या. कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट नाही, मग तुमचं गणित घरगुती गिऱ्हाइकासारखंच.

### वस्तू परत केली तर कोणता मार्ग सुरक्षित?

थेट सूट. २७,००० दिले होते, २७,००० परत, विषय संपला. कॅशबॅकमध्ये बहुतेक ठिकाणी तो उलटा वळता करून घेतात. आणि कूपन तोवर वापरून टाकलं असेल, तर तेवढी रक्कम फ्रिजच्या परताव्यातून कापतात. म्हणजे न आवडलेला फ्रिज परत गेला, पण कुपनाचा मिक्सर पूर्ण किमतीला गळ्यात राहिला. ऑनलाइन, न बघता मोठी वस्तू घेताना एवढं ध्यानात ठेवा. दुकानात दार उघडून, कप्पे ओढून बघून घेताना ही भीती फारशी नसते.

### "कॅशबॅक नको, तेवढे पैसेच कमी करा" असं म्हणता येतं का?

ऑफर कोणाच्या खिशातून आहे ते आधी विचारा. बँकेची किंवा कंपनीची असेल, तर दुकानदाराच्या हातात काही नसतं आणि घासाघीस करून उपयोग नाही. पण कूपन दुकानाचं स्वतःचं असेल, तर म्हणता येतं आणि म्हणावंच.

दुकानदाराचं गणित असं असतं. ३,६०० चं कूपन त्याला ३,६०० ला पडत नाही. मिक्सरची त्याची खरेदी कमी भावाची असते, काही कुपनं परतच येत नाहीत, आणि जो परत येतो तो बरोबर आणखी काही घेऊन जातो. म्हणून तो रोख ३,६०० सोडणार नाही. पण सगळं धरून त्याला जेवढं पडतं, त्याच्या आसपास तो खाली यायला तयार होतो. वाटाघाटीला जागा तिथे आहे.

गेल्या दसऱ्याला आमच्याकडे एक वहिनी आल्या होत्या. आमचंही तेव्हा बारा टक्क्यांचंच कूपन चालू होतं. त्यांनी पिशवीतून वहीचं पान काढलं. त्यावर शेजारच्या दुकानाचा २७,००० चा भाव पेन्सिलने लिहिलेला होता आणि खाली फक्त "मिक्सर आहे" एवढंच. म्हणाल्या, "भाऊ, कूपन ठेवा तुमच्याकडे. सव्वीस नऊशे करा, आत्ता यूपीआय करते." मी मालकांकडे बघितलं. त्यांनी कॅलक्युलेटरवर दोनदा काहीतरी दाबलं आणि मान हलवली. बिल २६,९०० चं झालं, आणि टेम्पोवाल्याला पत्ता सांगता सांगता त्यांनी जुना फ्रिज वरच्या मजल्यावरून खाली उतरवून देण्याचंही त्यातच बसवलं.